पोचलं, पण जमा झालं नाही

एका क्रिप्टो एक्स्चेंजच्या मदत कक्षात मी काही वर्षं काढली. माझ्या वाट्याला आलेला विभाग एकच होता: ‘पैसे पाठवले, पण खात्यात दिसत नाहीत.’ नोकरी सुटली तरी विभाग सुटला नाही. आता ओळखीचे, त्यांच्या ओळखीचे आणि त्यांचे भाचे-पुतणे फोन करतात. बहुतेक फोनांच्या मुळाशी पत्त्याचा प्रकार असतो. बिटकॉइनचे पत्ते चार तऱ्हांचे दिसतात. `1` ने सुरू होणारे सर्वांत जुने. `3` ने सुरू होणारे २०१२ मध्ये आले. सेगविट हा बदल २०१७ च्या ऑगस्टमध्ये लागू झाल्यावर `bc1q` ने सुरू होणारे आले, आणि नोव्हेंबर २०२१ मध्ये टॅपरूट लागू झाल्यावर `bc1p` ने सुरू होणारे. सगळी वॉलेटं आणि सगळी एक्स्चेंजं हे चारही ओळखतातच असं नाही. गोंधळ तिथून सुरू होतो. या गोंधळातून मला जे उमगलं ते असं.

१. ‘Invalid address’ दिसलं, तर पैसे सुरक्षित आहेत

लोक सर्वांत जास्त घाबरतात ते या संदेशाला, आणि सर्वांत निरुपद्रवी हाच असतो. नाशिकची एक ग्राफिक डिझायनर मुलगी परदेशी ग्राहकाकडून मिळालेले बिटकॉइन एका जुन्या एक्स्चेंजवरून स्वतःच्या मोबाइल वॉलेटमध्ये काढत होती. वॉलेटने दिलेला पत्ता `bc1p` चा होता. एक्स्चेंजने तो लाल रंगात नाकारला. तिचा फोन आला तेव्हा आवाज रडवेला होता. “दादा, माझं वॉलेटच बनावट निघालं वाटतं. आतले पैसे गेले का?”

काहीच गेलं नव्हतं, कारण काहीच निघालं नव्हतं. पत्त्याची शेवटची काही अक्षरं ही आधीच्या अक्षरांवरून गणित करून काढलेली असतात. पाठवणारं सॉफ्टवेअर पैसे सोडण्याआधी ते गणित ताडून बघतं. ज्याला फक्त `1` आणि `3` ठाऊक आहेत, त्याच्या लेखी `bc1` ने सुरू होणारी ओळ म्हणजे निव्वळ चुकीची अक्षरं. ते दारातूनच परत पाठवतं.

`bc1p` चं प्रकरण थोडं अधिक रंजक आहे. ते `bc1q` सारखंच दिसतं, मग `bc1q` ओळखणारं सॉफ्टवेअर `bc1p` ला का अडवतं? तर मुद्दाम तशी सोय केली आहे. `bc1q` साठी ठरवलेल्या तपासणीत नंतर एक फट सापडली: पत्ता `p` ने संपत असेल, तर त्या `p` च्या आधी कितीही `q` घुसडले किंवा काढले तरी तपासणी पास होत असे. `bc1q` पत्त्यांची लांबी ठरलेली असल्यामुळे तिथे ही फट फारशी नडत नव्हती, पण पुढच्या प्रकारांना नडली असती. म्हणून पीटर व्हुइल यांनी नव्या प्रकारांसाठी तपासणीतला एक आकडा बदलला. त्याचा दुसरा फायदा असा, की जुनं सॉफ्टवेअर नव्या पत्त्यावर अर्धवट समजुतीने पैसे पाठवूच शकत नाही. त्याचं गणित जुळत नाही आणि ते थांबतं.

नाशिकच्या मुलीला नवं वॉलेट घ्यावं लागलं नाही. तिच्याच वॉलेटच्या ‘Receive’ पानावर पत्त्याचा प्रकार निवडायची सोय होती. तिने Native SegWit निवडलं, `bc1q` चा पत्ता मिळाला, एक्स्चेंजने तो मुकाट्याने घेतला. `bc1q` सुद्धा नाकारला जात असेल तर त्याच यादीतला Nested SegWit, म्हणजे `3` ने सुरू होणारा पत्ता घ्यावा. तो २०१२ नंतरच्या जवळपास प्रत्येक सॉफ्टवेअरला कळतो. एकाच वॉलेटमध्ये तिन्ही राहू शकतात आणि एकूण शिल्लक बहुधा एकत्रच दिसते.

२. दोन्ही बाजूंचे पत्ते एकाच जातीचे असावे लागत नाहीत

हा गैरसमज इतका रुजला आहे, की काही लोक ‘माझं `1` आहे, त्याचं `bc1` आहे, मग मधे एखादं वॉलेट लागेल का’ असं विचारतात. लागत नाही. `1` वरचे बिटकॉइन `bc1p` वर जातात, `bc1q` वरचे `3` वर जातात. साखळी एकच आहे.

पत्ता म्हणजे खरं तर एका कुलपाचं वर्णन. तुम्ही पैसे पाठवता तेव्हा सॉफ्टवेअर त्या वर्णनाबरहुकूम कुलूप बनवतं, त्यात रक्कम ठेवतं आणि व्यवहार साखळीवर नोंदतं. साखळीवर पत्ता लिहिलेलाच नसतो, कुलूप असतं. म्हणून अटी दोनच. पाठवणाऱ्याच्या सॉफ्टवेअरला ते कुलूप बनवता यायला हवं, आणि घेणाऱ्याचं सॉफ्टवेअर त्या कुलपावर नजर ठेवून असायला हवं. पहिली अट मोडली तर ‘Invalid address’ येतं आणि प्रकरण तिथेच मिटतं. दुसरी मोडली तर व्यवहार पूर्ण होतो, एक्स्प्लोररवर हिरवी खूण दिसते, आणि खात्यात शून्य. पुढचे बहुतेक मुद्दे या दुसऱ्या अटीबद्दलचे आहेत.

त्याआधी फीबद्दल थोडं, कारण घोळाची सुरुवात पुष्कळदा फी वाचवण्याच्या हौसेतून होते. सेगविट पत्ता वापरला की फी कमी लागते हे खरं आहे, पण कुणाचा पत्ता? पाठवणाऱ्याचा. `1` वर पडून असलेली एक रक्कम खर्च करायला व्यवहारात सुमारे १४८ बाइट जागा लागते, `bc1q` वरची खर्च करायला सुमारे ६८. घेणाऱ्याच्या बाजूला फरक नगण्य आहे: `1` वर पाठवायला ३४ बाइट आणि `bc1q` वर पाठवायला ३१. दर बाइटमागे १० सतोशी फी धरली तर घेणाऱ्याचा पत्ता बदलून वाचतात ३० सतोशी. बिटकॉइन एक कोटी रुपयांना धरला तरी ते तीन रुपये होतात. या तीन रुपयांसाठी काय घडू शकतं ते पुढे बघा.

३. एक्स्चेंजने दिलेला पत्ता स्वतः ‘आधुनिक’ करू नका

पिंपरीतले एक इंजिनिअर. वाचन दांडगं, हातात कसब, आणि कुठलीही गोष्ट आहे तशी न वापरण्याची सवय. त्यांना एका एक्स्चेंजने डिपॉझिटसाठी `1` ने सुरू होणारा पत्ता दिला होता. त्यांनी कुठेतरी वाचलं की `1` आणि `bc1q` या दोन्ही पत्त्यांत आतला मजकूर एकच असतो. ते बरोबर आहे. मग त्यांनी एका रूपांतर करणाऱ्या साधनात तो `1` चा पत्ता घातला, `bc1q` चा काढला आणि त्यावर ०.०२ बिटकॉइन पाठवले. व्यवहार तासाभरात पक्का झाला. खात्यात काही आलं नाही.

मदत कक्षाने उत्तर दिलं, ‘हा पत्ता आमचा नाही.’ यांनी बजावलं, ‘तुमचाच आहे.’ दोघंही आपापल्या परीने खरे होते. असा तिढा मी त्याआधी क्वचितच पाहिला होता.

कसा ते उदाहरणाने दाखवतो. खाली बिटकॉइनच्या तांत्रिक दस्तऐवजांत नेहमी येणारे नमुन्याचे दोन पत्ते आहेत. (यांवर चुकूनही काही पाठवू नका. त्यांची गुप्त किल्ली म्हणजे ‘एक’ हा आकडा, आणि ती साऱ्या जगाला माहीत आहे.) बिटकॉइन कोअर हे मूळ सॉफ्टवेअर कुणाकडे चालू असेल, तर त्याला प्रत्येक पत्त्याचं कुलूप विचारता येतं:

```
bitcoin-cli validateaddress 1BgGZ9tcN4rm9KBzDn7KprQz87SZ26SAMH
"scriptPubKey": "76a914751e76e8199196d454941c45d1b3a323f1433bd688ac"

bitcoin-cli validateaddress bc1qw508d6qejxtdg4y5r3zarvary0c5xw7kv8f3t4
"scriptPubKey": "0014751e76e8199196d454941c45d1b3a323f1433bd6"
```

दोन्हींत `751e` पासून `3bd6` पर्यंतचा तुकडा तोच आहे. तो २० बाइटचा तुकडा म्हणजे सार्वजनिक किल्लीचा ठसा. आधीचे-नंतरचे आकडे मात्र वेगळे आहेत, म्हणजे कुलूप वेगळं. एक्स्चेंजचं सॉफ्टवेअर प्रत्येक नव्या ब्लॉकमधली कुलपं आपल्या यादीशी ताडून बघतं. यादीत `76a914…88ac` आहे, `0014…` नाही. त्याच्या दृष्टीने हे पैसे कुणा तिसऱ्याचेच. पण दोन्ही कुलपं उघडणारी किल्ली एकच, आणि ती एक्स्चेंजकडे आहे. म्हणून गृहस्थांचे पैसे गेलेलेही नाहीत आणि आलेलेही नाहीत.

‘किल्ली आहे ना, मग काढा की’ असं प्रत्येक जण म्हणतो. एक्स्चेंजच्या बाजूने बघा. ग्राहकांच्या किल्ल्या बंदिस्त यंत्रणेत असतात आणि ती यंत्रणा ठरलेल्या साच्यातलेच व्यवहार सही करते. साच्याबाहेरच्या एका रकमेसाठी कुणीतरी माणसाने किल्लीपर्यंत जायचं, वेगळ्या साधनाने सही करायची, आणि हे करताना बाकीच्या हजारो ग्राहकांच्या किल्ल्यांना धोका पोचणार नाही याची काळजी घ्यायची. कोणत्याही शहाण्या सुरक्षा अधिकाऱ्याला हे नको असतं. म्हणून काही एक्स्चेंजं ठरावीक रकमेच्या वरच हे काम घेतात, काही त्याची फी लावतात, काही सरळ नाही म्हणतात. इंजिनिअरांना त्यांचे पैसे मिळाले, पण बऱ्याच महिन्यांनी आणि फी वजा जाऊन. त्यांच्या बाजूने एक गोष्ट होती: त्या कुलपातली रक्कम दुसरं कुणी उचलू शकत नव्हतं. एक्स्प्लोररवर ती ‘Unspent’ दिसत राहिली. अशा वेळी उशिराने नुकसान होत नाही.

यातही एक खोड निघू शकते. बिटकॉइनच्या सुरुवातीच्या काळातल्या सार्वजनिक किल्ल्या पुष्कळदा लांब, ६५ बाइटच्या रूपात वापरल्या जात. नंतर ३३ बाइटचं आटोपशीर रूप रुळलं. सेगविट कुलूप लांब किल्लीने उघडणारा व्यवहार जाळ्यातले नोड सहसा पुढे पाठवतच नाहीत. मूळ `1` चा पत्ता अशा जुन्या लांब किल्लीवरून बनलेला असेल, तर रक्कम बाहेर काढायला थेट एखाद्या मायनरचे पाय धरावे लागतात.

आणि `3` च्या पत्त्याचं `bc1q` करायला गेलात तर पायही धरता येत नाहीत. `3` मधलाही तुकडा २० बाइटचाच असतो, पण तो किल्लीचा ठसा नसून एका छोट्या आज्ञावलीचा ठसा असतो. एखादं अडाणी साधन तो तुकडा उचलून `bc1q` मध्ये बसवतं, तपासणीची अक्षरं बरोबर लावून देतं, पत्ता सगळीकडे वैध ठरतो, आणि त्या कुलपाची किल्ली मात्र अस्तित्वातच नसते. ना एक्स्चेंजकडे, ना आणखी कुणाकडे. ‘पैसे कायमचे गेले’ असं मी फार थोड्या लोकांना सांगितलं आहे. त्यातला हा एक प्रकार.

सगळीच रूपांतरं वाईट नसतात, हेही सांगायला हवं. लाइटकॉइनचे काही पत्ते आधी बिटकॉइनसारखे `3` ने सुरू होत. गोंधळ टाळायला ते `M` ने सुरू होतील असं ठरलं. `3` चा `M` केला तरी कुलूप तेच राहतं, फक्त लिहिण्याची तऱ्हा बदलते. ते रूपांतर निर्धास्त करावं. कुलूप तेच राहतं का, एवढाच प्रश्न असतो. त्याचं उत्तर देता येत नसेल, तर एक्स्चेंजच्या पानावर आहे तोच पत्ता वापरावा.

४. जो पत्ता सगळीकडे चालतो, त्याचीच भीती जास्त

हे उलटं वाटेल, पण माझ्या पाहण्यात सर्वांत मोठी रक्कम अडकली ती ‘Invalid address’ न आल्यामुळे.

१ ऑगस्ट २०१७ रोजी बिटकॉइनमधून बिटकॉइन कॅश ही साखळी फुटून निघाली. तिने सेगविट घेतलं नाही, पण पत्ते मात्र तेच ठेवले: `1` आणि `3`. त्याच महिन्यात बिटकॉइनवर सेगविट सुरू झालं आणि वॉलेटं-एक्स्चेंजं सेगविटची कुलपं `3` च्या पत्त्यात गुंडाळून द्यायला लागली, म्हणजे जुन्या सॉफ्टवेअरलाही ती चालावीत. आता ठाण्याच्या एका निवृत्त बँक अधिकाऱ्यांनी काय केलं ते पाहा. त्यांच्याकडे बिटकॉइन कॅश होतं. एक्स्चेंजच्या पानावर त्यांनी चुकून बिटकॉइनचा `3` चा पत्ता कॉपी केला आणि त्यावर बिटकॉइन कॅश पाठवलं. अक्षरं वैध, तपासणी पास, कुठेही लाल रेघ नाही. पैसे गेले.

त्यांनी `1` च्या पत्त्यावर पाठवले असते तर मामला सोपा होता. `1` चं कुलूप दोन्ही साखळ्यांवर सारखंच वागतं, किल्लीवाल्याला ते दोन्हीकडे उघडता येतं. `3` मध्ये गुंडाळलेल्या सेगविटचं तसं नाही. बिटकॉइनवरचे नोड आतली आज्ञावली पाहून म्हणतात, ‘हे सेगविट आहे, सही दाखवा.’ बिटकॉइन कॅशच्या नोडला सेगविट ठाऊकच नाही. त्याच्या लेखी ती आज्ञावली म्हणजे दोन निरर्थक तुकडे, आणि वरचा तुकडा शून्य नाही म्हणून अट पूर्ण. सही मागितलीच जात नाही. ज्याला ती छोटी आज्ञावली माहीत आहे तो पैसे उचलू शकतो. आणि त्याच पत्त्यावरून बिटकॉइनच्या साखळीवर एकदा जरी खर्च झाला, तरी आज्ञावली जगजाहीर होते. काही मायनर अशी बेवारशी नाणी शोधून उचलत, आणि मूळ मालकाला परत करायची की नाही हे त्यांच्या मर्जीवर असे.

नोव्हेंबर २०१८ मध्ये बिटकॉइन कॅशच्या नियमांत एक कडक अट आली आणि अशी नाणी कुणालाच हलवता येईनात. मग मे २०१९ मधल्या बदलात खास याच नाण्यांसाठी त्या अटीतून सूट देण्यात आली. सूट लागू होताच कुणा अनोळखी मायनरने ती नाणी उचलायचा प्रयत्न केला, तेव्हा दोन मोठ्या मायनिंग पूलांनी त्याचा ब्लॉक मागे टाकून पर्यायी ब्लॉक पुढे रेटले. हेतू चांगला असेलही, पण पूर्ण झालेला व्यवहार दोन पूल ठरवून पुसू शकतात, हे त्या दिवशी लख्ख दिसलं. मला तरी ते नाण्यांच्या चोरीइतकंच खटकलं.

ठाण्याच्या काकांनी शांतपणे विचारलं होतं, “अहो, आमच्या बँकेत खातं क्रमांकावर चेक जमा करताना नाव जुळतं का बघायचो आम्ही. इथे कोणीच बघत नाही?” पत्त्याच्या लिहिण्यात साखळीचं नाव नसेल, तर नाही बघत कोणी. पुढे बिटकॉइन कॅशने जानेवारी २०१८ मध्ये `bitcoincash:` ने सुरू होणारे पत्ते आणले ते याच कारणाने. आणि `bc1` च्या सुरुवातीला `bc` आहे, लाइटकॉइनच्या पत्त्यात `ltc1` आहे, तेही त्याचसाठी. काकांनी कॉपी केलेला पत्ता `bc1q` चा असता तर त्यांच्या वॉलेटने तो नाकारला असता, आणि ते माझ्याशी कधी बोललेच नसते. म्हणून शक्य असेल तिथे मी `bc1q` चाच पत्ता घ्यायला सांगतो. काही ठिकाणी तो चालत नाही ही लोकांची तक्रार असते. तो चुकीच्या ठिकाणी चालत नाही, हा त्याचा गुण आहे.

५. गोपनीय व्यवहारांना एक्स्चेंजच्या दारात जागा नसते

यावर लांबण लावत नाही. लाइटकॉइनमध्ये मे २०२२ पासून रक्कम झाकून पाठवायची सोय आहे, तिचे पत्ते `ltcmweb1` ने सुरू होतात. झीकॅशमध्ये `t` ने सुरू होणारे उघडे आणि `zs1` किंवा `u1` ने सुरू होणारे झाकता येणारे पत्ते आहेत. बऱ्याच एक्स्चेंजना पैसे कुठून आले हे दिसणं कायद्याने गरजेचं असतं. बायनान्सने जून २०२२ मध्ये उघड जाहीर केलं की लाइटकॉइनच्या झाकलेल्या सोयीतून आलेली रक्कम जमाही होणार नाही आणि परतही मिळणार नाही. इथे अडचण अशी, की तुम्ही एक्स्चेंजचा साधा पत्ताच वापरलेला असतो, फक्त तुमच्या वॉलेटने रक्कम झाकलेल्या भागातून काढलेली असते. म्हणून झाकलेली रक्कम आधी स्वतःच्याच साध्या पत्त्यावर घ्यावी, आणि मग तिथून एक्स्चेंजला पाठवावी.

६. आधी दोन खिडक्या शेजारी उघडा, तक्रार मग

पैसे दिसत नाहीत म्हटल्यावर लोक पहिल्यांदा मदत कक्षाला लिहितात. मी सांगतो, आधी एका खिडकीत एक्स्प्लोररवर तुमचा व्यवहार उघडा, दुसरीत एक्स्चेंजचं डिपॉझिटचं पान. एक्स्प्लोररवर व्यवहाराच्या उजव्या बाजूला जिथे रक्कम गेली तो पत्ता असतो. तो डिपॉझिटच्या पानावरच्या पत्त्याशी पहिल्या अक्षरापासून शेवटच्यापर्यंत जुळवा. चार सुरुवातीची आणि चार शेवटची पाहून भागत नाही. तेवढ्यापुरता सारखा दिसणारा बनावट पत्ता तयार करणं चोरांना जमतं.

पत्ता तंतोतंत जुळला, तर पत्त्याच्या प्रकाराचा प्रश्नच नाही. मग कारण बहुधा साधं असतं: पुरेशी कन्फर्मेशन झालेली नसतात, किंवा रक्कम एक्स्चेंजच्या किमान मर्यादेखाली असते. चाचणीसाठी अगदी चिमूटभर रक्कम पाठवणाऱ्यांची ही नेहमीची फसगत. चाचणी जरूर करा, पण किमान मर्यादेच्या वरच्या रकमेने करा, आणि ‘कन्फर्म झालं’ यावर न थांबता ‘खात्यात जमा झालं’ दिसेपर्यंत मोठी रक्कम पाठवू नका.

पत्ता जुळला नाही, पण सुरुवात वेगळी आणि नाणं तेच असेल, तर तिसऱ्या मुद्द्यातला प्रकार असण्याची शक्यता आहे. तक्रारीत व्यवहाराचा क्रमांक, ज्या पत्त्यावर गेलं तो, पानावर दिलेला, आणि दोन्हींतला २० बाइटचा तुकडा एकच आहे हे लिहून द्या. ‘माझे पैसे हरवले’ या तक्रारीला छापील उत्तर येतं. ‘ही रक्कम तुमच्याच किल्लीच्या `0014` कुलपात आहे’ या तक्रारीला ते देता येत नाही. ती कुणा जाणत्याकडे पाठवावी लागते. मी त्या टेबलावर बसलो आहे म्हणून सांगतो.

७. सीड टाकली आणि शिल्लक शून्य

हे एक्स्चेंजच्या बाबतीत नाही, स्वतःच्या वॉलेटच्या बाबतीत घडतं. जुना फोन गेला, नव्या वॉलेटमध्ये बारा शब्द घातले, आणि शिल्लक शून्य दिसली. शब्द तेच असले तरी त्यांतून किल्ल्या काढण्याचे रस्ते प्रत्येक प्रकाराला वेगळे आहेत: `1` साठी `m/44'/0'/0'`, गुंडाळलेल्या `3` साठी `m/49'/0'/0'`, `bc1q` साठी `m/84'/0'/0'`, `bc1p` साठी `m/86'/0'/0'`. नवं वॉलेट फक्त ८४ च्या रस्त्यावर शोधत असेल, तर ४९ वर ठेवलेली रक्कम त्याला दिसणार नाही. वॉलेटच्या सेटिंगमध्ये पत्त्याचा प्रकार किंवा हा रस्ता बदलून बघा. एका गृहस्थांनी या शून्यापायी जुना कागद चुकीचा समजून फाडून टाकायला घेतला होता. बायकोने वाचवला.

८. नुकसानीला इथे सूट नाही

आपल्याकडे एप्रिल २०२२ पासून क्रिप्टोवरच्या नफ्यावर ३० टक्के कर आहे, आणि खरेदीची किंमत सोडली तर कसलीही वजावट नाही. व्यवहाराची फीही वजा होत नाही, आणि एका नाण्यातला तोटा दुसऱ्याच्या नफ्यातून वळता करता येत नाही. किल्ली नसलेल्या कुलपात गेलेले बिटकॉइन त्यामुळे कर भरतानाही कामाला येत नाहीत.

९. बारा शब्द मागणारा मदतनीस नसतो

अडकलेल्या पैशांची तक्रार कुठे उघड लिहिली, की तासाभरात ‘मी काढून देतो’ म्हणणारे निरोप येतात. भाषा गोड, डोक्यावर एक्स्चेंजचं चिन्ह, आणि मागणी एकच: वॉलेटचे बारा किंवा चोवीस शब्द, नाहीतर आगाऊ फी. वर सांगितलेल्या एकाही प्रकारात तुमची सीड दुसऱ्या कुणाला द्यावी लागत नाही. एक्स्चेंजच्या पत्त्याची किल्ली एक्स्चेंजकडे असते, आणि तुमच्या वॉलेटची किल्ली तुमच्या हातात असते. असा निरोप आला तर उत्तर देऊ नका. शब्द किंवा पैसे देऊन बसला असाल, तर उरलेली नाणी लगेच नव्या सीडच्या वॉलेटवर हलवा आणि १९३० या राष्ट्रीय सायबर मदत क्रमांकावर फोन करा. cybercrime.gov.in वरही तक्रार नोंदवता येते. व्यवहाराचा क्रमांक आणि समोरच्याचे निरोप जपून ठेवा, ते तिथे मागतात.